जर्मनीत पत्ता बदलताना: मागचं घर, घरमालकाचा दाखला आणि घरातली माणसं

जर्मनीतली माझ्या पत्त्याची पहिली नोंदणी वसतिगृहातल्या एका सीनियरने शेजारी बसून करून दिली होती. मी फक्त सह्या केल्या. दोन वर्षांनी घर बदललं तेव्हा मात्र एकटाच गेलो, आणि मोठ्या ऐटीत बावीस पानी भाडेकरार घेऊन गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो उघडलासुद्धा नाही. "हा नको. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग कुठे आहे?" म्हणजे घरमालकाचा दाखला. तो एक पानी कागद माझ्याकडे नव्हता. पुढची अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली.

त्यानंतर ओळखीतल्या दहाबारा जणांचे फॉर्म मी भरून दिले आहेत. अडचण जर्मन भाषेची असते त्याहून जास्त तीन रकान्यांची असते: आधी कुठे राहत होता, हे घर तुम्हाला कुणी दिलं, आणि तुमच्याबरोबर कोण राहायला आलं. या तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत की काम अडतं. म्हणून इतर रकाने पटकन उरकून मी या तिघांवरच जास्त बोलणार आहे.

१. आधी ठरवा: तुम्ही नेमकं काय करताय

परदेशातून आलात किंवा एका गावातून दुसऱ्या गावात गेलात तर ते आनमेल्डुंग. त्याच गावात घर बदललं तर उममेल्डुंग. जर्मनी सोडून निघालात तर आबमेल्डुंग. पहिल्या दोन्हींना बहुतेक ठिकाणी एकच फॉर्म चालतो. त्याला मेल्डेशाइन म्हणतात आणि त्याच्या माथ्यावर `Anmeldung bei der Meldebehörde` असं काहीतरी छापलेलं असतं. प्रत्येक शहराची मांडणी थोडी वेगळी असली तरी विचारतात तेच, कारण १ नोव्हेंबर २०१५ पासून नोंदणीचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे.

जर्मनीतल्या जर्मनीत घर बदलताना जुन्या गावात जाऊन नाव कमी करावं लागत नाही. नवं गाव जुन्या गावाला आपणहून कळवतं. मला भेटलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं, आणि एकजण तर त्यासाठी सुट्टी काढून तीन तासांचा रेल्वेप्रवास करून आला होता.

मुदत दोन आठवड्यांची. ती तुम्ही प्रत्यक्ष राहायला गेल्या दिवसापासून मोजतात, करारावरच्या तारखेपासून नाही. राहायला जाण्याआधी नोंदणी करता येत नाही. अपॉइंटमेंट मात्र आधी घेता येते, आणि ती घ्याच. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत तारीख मिळणं म्हणजे नशीब. उशीर झाला तर कायद्यात १००० युरोपर्यंत दंड आहे. पण मुदतीच्या आत अपॉइंटमेंट मागितल्याची ईमेल दाखवल्यावर कुणाला दंड झाल्याचं मी पाहिलेलं नाही. ती ईमेल छापून फाइलमध्ये ठेवा.

२. फाइलमध्ये काय हवं

- ज्यांची नोंदणी करायची त्या प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट. तान्ह्या बाळाचाही.
- व्हिसा किंवा निवास परवान्याचं कार्ड, असेल तर.
- घरमालकाचा सही केलेला दाखला, म्हणजेच वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग.
- लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र, मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले, आणि या दोन्हींचं शपथबद्ध अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर.
- भरलेला मेल्डेशाइन. काही कचेऱ्यांत तो खिडकीवरच संगणकात भरून छापून देतात आणि तुम्ही फक्त तपासून सही करता. तरीही घरून एक प्रत भरून न्या. समोरची व्यक्ती भराभर विचारत असते, तेव्हा जुन्या घराचा पिनकोड हमखास आठवत नाही.

भाषांतराबद्दल: महाराष्ट्रातलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र बहुधा मराठी-इंग्रजी असतं आणि एखादी खिडकी त्यातल्या इंग्रजीवर भागवते. शेजारची खिडकी भागवत नाही. पुढे परवान्यासाठी भाषांतर लागतंच, तेव्हा आधीच करून घ्या.

३. घरमालकाचा दाखला

फॉर्मला हात लावण्याआधी हा कागद मिळवा, कारण फॉर्मातली तारीख आणि नावं याच्यावरून उतरवायची आहेत. शहराच्या संकेतस्थळावर त्याचा कोरा नमुना असतो. तो डाउनलोड करून घरमालकाला पाठवलात की त्याचंही काम सोपं होतं. कायद्याप्रमाणे त्यात चारच गोष्टी लागतात: घर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, आणि राहायला आलेल्या सगळ्यांची नावं. घर देणारा स्वतः मालक नसेल तर मालकाचं नावही.

"घर देणारा" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. वोनुंग्सगेबर म्हणजे घराचा मालकच असं नाही. तुम्ही एखाद्या भाडेकरूकडून एक खोली पोटभाड्याने घेतली असेल तर तो मुख्य भाडेकरू तुमचा वोनुंग्सगेबर. त्याने सही करायची आणि मालकाचं नाव दिलेल्या रकान्यात लिहायचं. इमारतीचं काम पाहणारी हाउसफरवाल्टुंग असेल तर ती मालकाच्या वतीने सही करते. वसतिगृहात असाल तर वसतिगृहाची कचेरी. एका मित्राने पोटभाड्याच्या खोलीसाठी मूळ मालकाला शोधत आठवडा घालवला, आणि सही करणारा माणूस त्याच्याच स्वयंपाकघरात चहा पीत होता.

मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला नम्रपणे एवढंच सांगा की हा दाखला देणं ही कायद्याने त्याची जबाबदारी आहे, आणि तीही दोन आठवड्यांतच. तरीही देत नसेल तर गप्प बसू नका. नोंदणी कचेरीला लगेच तसं कळवा. कळवणं हे तुमचं कर्तव्यच आहे. मग मालकाशी बोलायचं काम कचेरीचं.

दोन सापळे मात्र ओळखून असा. "पैसे द्या, आमच्या पत्त्यावर नोंदणी करून देतो" असं सांगणारे लोक भेटतात. प्रत्यक्ष न राहता पत्ता देणं कायद्याने बंद आहे आणि त्याचा दंड ५०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. दुसरा सापळा याच्या उलट: खोली खरी, भाडं खरं, पण जाहिरातीत लिहिलेलं असतं की नोंदणी करता येणार नाही. अशा खोलीत राहायला गेलात तर तुमची नोंदणीची जबाबदारी काही टळत नाही, फक्त कागद मिळत नाही. नव्याने येणाऱ्याने महिन्यापेक्षा जास्त काळासाठी अशी खोली घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि बँक खातं उघडतानाही नोंदणी झाल्याचाच कागद मागतात.

४. नवं घर आणि मागचं घर

इथून पुढे एक उदाहरण घेऊ. समजा अमोल कुलकर्णी डार्मश्टाटहून न्युर्नबर्गला नोकरीसाठी चाललाय. जुन्या खोलीचा करार ३० जूनला संपला. नव्या घराचा करार १ जुलैपासून आहे, पण रंगकाम चालू असल्याने किल्ली ५ जुलैला मिळाली. मधले पाच दिवस तो मित्राकडे राहिला. त्याची बायको स्नेहा आणि मुलगी इरा ऑगस्टमध्ये साताऱ्याहून येणार आहेत.

अमोलच्या फॉर्मचा वरचा भाग असा भरला जाईल:

```
Neue Wohnung
Tag des Einzugs:       05.07.2025
PLZ, Gemeinde:         90459 Nürnberg
Straße, Hausnummer:    Musterstraße 12
Die neue Wohnung ist:  [x] alleinige Wohnung

Bisherige Wohnung
Tag des Auszugs:       30.06.2025
PLZ, Gemeinde:         64289 Darmstadt
Straße, Hausnummer:    Beispielweg 4
Wird beibehalten?      [x] nein
```

`Tag des Einzugs` म्हणजे राहायला गेल्याचा दिवस. करार १ जुलैचा असला तरी इथे ५ जुलै. मालक सवयीने दाखल्यावर १ जुलै लिहून देतो. दाखला हातात पडताच आधी ही तारीख बघा आणि वेगळी असेल तर बदलून घ्या. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की प्रश्न सुरू होतात. शिवाय १ तारीख धरली तर तुमची मुदत उगाच चार दिवस आधी संपते. अमोलची मुदत १९ जुलैला संपते.

जुनं घर सोडल्याची आणि नव्या घरात आल्याची तारीख लागोपाठची असायला हवी असं काही नाही. मधल्या पाच दिवसांसाठी मित्राचा पत्ता लिहायची गरज नाही. `Bisherige Wohnung` म्हणजे तुमची याआधीची नोंदलेली राहती जागा. हॉटेलातले चार दिवस किंवा मित्राच्या सोफ्यावरचा आठवडा त्यात धरत नाहीत.

आता तो प्रश्न ज्याने सर्वांत जास्त लोकांना खड्ड्यात घातलंय: मागचं घर तुम्ही ठेवणार आहात का? अमोलने खोली सोडली, म्हणून `nein`. पण कुणी घाईत `ja` वर खूण केली की त्या घराची तुमच्या नावावर दुय्यम घर म्हणून नोंद होते. त्याला नेबेनवोनुंग म्हणतात. बऱ्याच शहरांत दुसऱ्या घरावर वेगळा कर आहे. काही महिन्यांनी जुन्या गावाहून त्या कराचं पत्र येतं आणि मग "मी तिथे राहत नाही" हे सिद्ध करत बसावं लागतं.

अशी चुकीची खूण करणारे लोक बहुधा प्रामाणिक असतात. त्यांना वाटतं, साताऱ्यात आईवडिलांचं घर आहे, तिथे आपली खोली आहे, रेशनकार्डावर नाव आहे, मग "दुसरं घर आहे का" याला नाही कसं म्हणायचं? हा प्रश्न फक्त जर्मनीतल्या घरांबद्दल आहे. भारतातलं घर कितीही आपलं असलं तरी या फॉर्मात ते दुय्यम घर होत नाही.

त्याच कारणाने नव्या घरापुढे `alleinige Wohnung` म्हणजे एकमेव घर यावर खूण करायची. `Hauptwohnung` म्हणजे मुख्य घर हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून लोक तो निवडतात. मग साहजिकच समोरून विचारतात की दुय्यम घर कुठलं. जर्मनीत खरोखर दोन जागा असतील, आठवड्याचे चार दिवस एका गावात आणि तीन दिवस दुसऱ्या गावात, तरच मुख्य आणि दुय्यम हा भेद लागू होतो.

इमारतीतला फ्लॅट क्रमांक कुठे लिहायचा हेही विचारतात. बहुतेक घरांना तो नसतोच. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव पाहून पत्र टाकतो. फॉर्मात रस्ता आणि घर क्रमांक पुरतो. एकाच क्रमांकाला मागची आणि पुढची अशा दोन इमारती असतील तर दाखल्यावर जसं लिहिलंय तसं जादाच्या रकान्यात लिहा.

परदेशातून थेट येणाऱ्यांसाठी मागच्या घराचा रकाना उलट सोपा आहे: गाव आणि देश. गल्ली, सोसायटी, विंग, "मारुती मंदिरामागे" हे सगळं बसवायचा प्रयत्न करू नका. पण तुम्ही पूर्वी जर्मनीत शिकायला होता, मग भारतात परतलात आणि आता पुन्हा आला असाल, तर जर्मनीतला शेवटचा पत्ता कुठला होता हे विचारणारी वेगळी ओळ असते. ती रिकामी सोडू नका. कर क्रमांक जन्मभर एकच राहतो. जुनी नोंद सापडली नाही तर तुमच्या नावावर दुसरा निघण्याचा घोळ होऊ शकतो.

५. घरातली माणसं: एक फॉर्म की दोन

खालच्या भागात माणसांचा तक्ता असतो, एकेका माणसाला एकेक रकाना. नियम साधा आहे, पण फॉर्मावर तो बारीक अक्षरात असतो: एकाच कुटुंबातली जी माणसं एकाच जुन्या घरातून एकाच नव्या घरात येतात, त्यांनी एक फॉर्म भरायचा. जुनं घर वेगळं असेल तर फॉर्म वेगळा.

म्हणून अमोलने जुलैच्या फॉर्ममध्ये स्नेहा आणि इराची नावं घालायची नाहीत. "येणारच आहेत, आत्ताच लिहून टाकू" हा मोह अगदी आपला, पण त्या दिवशी त्या साताऱ्यात आहेत. त्या घरात राहत नसलेल्या माणसाची नोंद करणं म्हणजे खोटी माहिती देणं. मात्र वैवाहिक स्थितीच्या रकान्यात त्याने `verheiratet` म्हणजे विवाहितच लिहायचं. घरात एकटा आहे म्हणून अविवाहित लिहून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. पुढे बायको आली की नोंदीत नवरा अविवाहित आणि बायको विवाहित असा विचित्र प्रकार उभा राहतो.

स्नेहा आणि इरा २३ ऑगस्टला पोचल्या. त्यांची मुदत वेगळी, ६ सप्टेंबरपर्यंत. त्यांना वेगळा फॉर्म लागेल आणि घरमालकाचा नवा दाखलाही, कारण जुलैच्या दाखल्यावर एकट्या अमोलचं नाव आहे. अनेकजण इथेच अडकतात. मी करार करतानाच मालकाला सांगून ठेवायला सांगतो की कुटुंब नंतर येणार आहे आणि तेव्हा पुन्हा एक सही लागेल. मालकाला अगोदर कल्पना असली की तो कागद दोन दिवसांत मिळतो.

त्यांच्या फॉर्मचा मुख्य भाग:

```
Tag des Einzugs:     23.08.2025
Bisherige Wohnung
Tag des Auszugs:     22.08.2025
Ort, Staat:          Satara, Indien

Person 1   Kulkarni, Sneha Amol   Geburtsname: Joshi
Person 2   Kulkarni, Ira Amol
```

इरा सोळा वर्षांखालची असल्याने तिची नोंदणी करणं ही आईबापांची जबाबदारी. सही आईची चालते. एका फॉर्मवरच्या सगळ्यांतर्फे एकाने जाणं कायद्याला पुरतं, पण परदेशातून पहिल्यांदा येताना कचेऱ्या बऱ्याचदा सगळ्यांना समोर बोलावतात. अपॉइंटमेंटच्या ईमेलमध्ये काय लिहिलंय ते पाहा. स्पष्ट नसेल तर सगळेच जा. अपॉइंटमेंट घेताना माणसांची संख्या विचारतात, तिथे दोन लिहा. एकीच्या वेळेत दोघींचं काम होईल असं धरू नका.

६. मराठी नाव जर्मन रकान्यात

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, एका अक्षराचाही फरक न करता. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव अशा दोनच ओळी असतात. मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दिलेल्या नावाच्या ओळीत असेल तर ते `Vornamen` मध्येच जातं. म्हणून नोंदणीत स्नेहाची पहिली नावं "स्नेहा अमोल" अशी होतात. अधिकारी विचारतो की हाक कुठल्या नावाने मारतात. तेव्हा स्नेहा सांगा, नाहीतर पत्रं अमोलबाईंच्या नावाने येतात. पासपोर्टवर मधलं नाव नसेल तर इथेही घालू नका.

`Geburtsname` म्हणजे जन्माच्या वेळचं आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर इथे माहेरचं आडनाव येतं, बदललं नसेल तर वेगळं काही लिहायला नको. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर तेही जुन्या नावांत सांगावं, कारण जन्मदाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच असतं. आज लपवलं तर पुढे दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचा संशय येतो.

जन्मगावही पासपोर्टप्रमाणे. पासपोर्टवर औरंगाबाद छापलेलं असेल तर इथेही औरंगाबाद, उस्मानाबाद असेल तर उस्मानाबाद. गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव झालंय हे आपल्याला ठाऊक आहे, पण खिडकीपलीकडचा माणूस फक्त दोन कागद जुळवून पाहतो.

तारखा नेहमी दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने, मध्ये टिंब देऊन. पासपोर्ट कुणी दिला या रकान्यात पासपोर्टवर जारी केल्याचं ठिकाण असतं ते लिहा. इथल्या वकिलातीतून नूतनीकरण केलं असेल तर पुण्याऐवजी त्या वकिलातीचं नाव तिथे असतं.

७. धर्माचा छोटासा रकाना

हा रकाना दिसायला निरुपद्रवी आहे आणि थेट पगाराला लागतो. इथे `rk` म्हणजे रोमन कॅथलिक किंवा `ev` म्हणजे इव्हँजेलिकल असं लिहिलं की पगारातून चर्च कर कापला जातो. बवेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. पगाराच्या ८ टक्के नाही, कापलेल्या प्राप्तिकराच्या ८ टक्के. हा फरक न कळल्याने लोक उगाच घाबरतात.

हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान वाचकांना यातून काही कापलं जात नाही. कर गोळा करणाऱ्या संस्थेचे तुम्ही सदस्य नाही, एवढंच इथे सांगायचं असतं. गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक मित्रांना मात्र हा प्रश्न खराखुरा लागू होतो. बाप्तिस्मा झालेला असेल तर चर्चच्या दृष्टीने सदस्यत्व भारतातून इथे येतानाही चालूच राहतं. खोटं लिहू नका. लिहिण्याआधी घरी बोलून घ्या, कारण नंतर बाहेर पडायचं तर वेगळा अर्ज करावा लागतो.

८. खिडकीसमोर

काम दहापंधरा मिनिटांचं असतं. शेवटी एक छापील कागद मिळतो, नोंदणी झाल्याची पावती. तो फुकट असतो. खुर्चीवरून उठण्याआधी तो वाचा: नावातली अक्षरं, जन्मतारीख, राहायला आल्याची तारीख, विवाहित की अविवाहित, मागचं घर सोडलं की ठेवलं. तिथल्या तिथे चूक दाखवली तर अर्ध्या मिनिटात दुरुस्त होते. घरी येऊन सापडली तर पुन्हा अपॉइंटमेंट.

लग्नाचा पुरावा पटला नाही तर काही ठिकाणी वैवाहिक स्थिती "माहीत नाही" अशी नोंदतात. तसं दिसलं तर भांडू नका, काय हवंय ते लिहून मागा आणि आणून द्या. तोपर्यंत नवराबायकोची नोंद एकमेकांना जोडली जात नाही, आणि नोकरी करणाऱ्याचा करवर्ग एकट्या माणसाचाच म्हणजे १ राहतो. जोड झाली की दोघांना आपोआप वर्ग ४ मिळतो. एकटाच कमावत असेल तर ३ आणि ५ अशी जोडी करकचेरीकडे मागता येते. दर महिन्याच्या हातात येणाऱ्या पगारात त्याचा फरक चांगलाच जाणवतो.

निवास परवान्याचं कार्ड असेल तर त्यावर जुना पत्ता असतो. त्यावर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावायची आणि चिपमधला पत्ताही बदलायचा. काही गावांत हे याच खिडकीवर होतं, काही गावांत परदेशी नागरिकांच्या कचेरीत. तिथेच विचारा. गाव बदललं असेल तर तुमची परवान्याची फाइलही नव्या गावात यावी लागते. परवाना संपायला थोडेच महिने उरले असतील तर नव्या कचेरीला त्याच आठवड्यात ईमेल करा.

९. घरी आल्यावर

आधी पत्रपेटी. तिच्यावर नोंदणीतलं आडनाव लावा, आणि एकाच घरात दोन आडनावं असतील तर दोन्ही. पहिल्यांदा जर्मनीत आलेल्या प्रत्येकाला, लहान मुलालाही, ११ अंकी कर क्रमांक पोस्टाने येतो. पेटीवर नाव नसलं तर ते पत्र परत जातं. इराचा क्रमांकही सांभाळून ठेवायचा, बालभत्त्याच्या अर्जात तो मागतात. अमोलला नवा क्रमांक येणार नाही, त्याचा जुनाच चालू राहील. तो पत्राची वाट पाहत बसला तर बसूनच राहील.

मग काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. नोंदणी कचेरी तुमचा नवा पत्ता त्यांना कळवते, म्हणून ते फसवं पत्र समजून फेकू नका. वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, माणशी नाही, घराला एक. अमोल त्याच्या नावावर भरत असेल आणि स्नेहाच्या नावानेही पत्र आलं, तर उत्तरात अमोलचा वर्गणी क्रमांक लिहून पाठवायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर तिच्या नावाने वेगळं खातं उघडलं जातं आणि एकाच घराची दोन बिलं सुरू होतात.